ऑपरेशनच्या फॉर्मवर सही केली म्हणून केस संपत नाही, या चुका टाळा

पेशंटचे नातेवाईक ऑफिसात येऊन बसले की पहिलं वाक्य ठरलेलं, "वकीलसाहेब, सही आम्हीच केलीय, आता काय होणार?" पहिली चूक हीच. सही नुसत्या कागदावर नसते, ती एका ठराविक ऑपरेशनला असते.

सुप्रीम कोर्टाचा 2008 चा निकाल बघा. दिल्लीची 44 वर्षांची अविवाहित बाई, 1995 ला पाळीचा रक्तस्राव थांबेना म्हणून डॉक्टरांकडे गेली. फॉर्मवर लिहिलेलं लॅप्रोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पोटात बघणं, गरज पडली तर पोट उघडणं. भूल दिल्यावर आत आजार जास्त दिसला, मग असिस्टंट बाहेर येऊन आईची सही घेऊन गेली आणि गर्भाशय, दोन्ही अंडाशय, नळ्या सगळं काढलं. डॉक्टरांचं म्हणणं, वैद्यकीयदृष्ट्या तेच योग्य होतं आणि दुसऱ्या ऑपरेशनचा त्रास वाचला. कोर्ट म्हणालं, असेल, पण बाई सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, जिवाला लगेच धोका नव्हता, त्यामुळे आईची सही चालणार नाही. म्हणजे इथे ऑपरेशन चुकलं म्हणून नाही, विचारलं नाही म्हणून डॉक्टर हरले. भरपाई मात्र 25,000 आणि डॉक्टरांची फी बुडाली, 13 वर्षांच्या भांडणाला हे कमीच वाटतं मला.

दुसरी चूक याच्या बरोब्बर उलटी, म्हणजे रिझल्ट वाईट आला की निष्काळजीपणा धरून चालायचं. सुप्रीम कोर्टाच्याच 2005 च्या निकालाने कसोटी पक्की केलीय, त्या विषयातला साधारण कुशल डॉक्टर त्या वेळी तसं वागला असता का? पित्ताशय काढताना पित्तनलिकेला इजा होते कधीकधी, चांगल्या सर्जनकडूनही, नुसत्या तेवढ्यावर केस उभी राहणं कठीण. पण तिसऱ्या दिवशी पोट फुगलंय, डोळे पिवळे झालेत, नर्स नोंद करतेय आणि तरी साधी सोनोग्राफीसुद्धा नाही, उलट गॅस झालाय सांगून घरी पाठवलं, तर तिथे केस आहे. पोटात रक्त टिपायचा मॉप राहिला असेल तर फार समजावत बसावं लागत नाही. फौजदारीसाठी मात्र ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो, म्हणून पहिल्याच दिवशी पोलिस स्टेशनला धावून सहसा काही हाती लागत नाही, पोलिसांनाही आधी तटस्थ डॉक्टरचं मत घ्यावं लागतं.

तिसरी, डिस्चार्ज कार्डावर समाधान मानणं. खरी गोष्ट इनडोअर केसपेपरात असते, कोणी किती वाजता काय बघितलं ते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, 72 तासांत कागद द्यावे लागतात. आणि ग्राहक आयोगाची मुदत 2 वर्षं, "बघू पुढच्या महिन्यात" करत ती निघून जाते.

शेवटचं, फॉर्ममध्ये ऑपरेशनच्या नावाची जागा रिकामी असेल तर ती भरायला लावा आणि सही करण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण नंतर त्याच जागेत पेनाचा वेगळाच रंग आलेला मी बघितलाय.