स्ट्राइक गेली, पण १ ऑगस्टला

खासबागेतल्या कुस्त्या लाइव्ह दाखवायच्या होत्या आणि ३ मेला आमच्या तालमीच्या यूट्यूब चॅनेलला स्ट्राइक आली. चूक माझीच. डिस्क्रिप्शनमध्ये फुकट सिनेमे दाखवणाऱ्या साइटची लिंक होती. त्यावर आधी वॉर्निंगही आली होती.

घाबरून मी व्हिडिओच डिलीट केला. त्यानं स्ट्राइक जात नाही, हे नंतर कळलं. अपलोड आणि लाइव्ह आठवडाभर बंद राहिलं, १० मेला आपोआप सुरू झालं. मला वाटलं, सुटलो! पण स्ट्राइक मिळाल्यापासून ९० दिवस राहते. तेवढ्यात दुसरी आली की दोन आठवडे बंद, तिसरीला चॅनेलच जातं. मग जुनी सगळी डिस्क्रिप्शनं उघडून तसल्या लिंका काढल्या. १ ऑगस्टला स्ट्राइक उतरली.