लग्नाआधीचे अठरा दिवस: केसांचा बर्गंडी रंग टिकवायचा तर काय तयार ठेवायचं

कोल्हापुरात राजारामपुरीत पार्लर चालवताना दर वैशाखात एक तक्रार हमखास येते. "ताई, लग्नाआधी बर्गंडी केला होता, हळदीपर्यंत निम्मा उतरला." मी विचारते, धुतले किती वेळा? उत्तर ठरलेलं असतं: "शाम्पू आठवड्यातून दोनदाच, बाकी रोज नुसतं पाणी." रंग जातो तो त्या नुसत्या पाण्यातच. केस भिजला की फुगतो, वरचे खवले थोडे उघडतात आणि आत बसलेला रंग सुटायला लागतो. शाम्पू त्याला वेग देतो एवढंच. लालसर छटा सगळ्यांत आधी उतरतात. म्हणून पहिली तयारी कॅलेंडरवर करा आणि शाम्पू न मोजता केस किती वेळा भिजले ते मोजा.

परवाच एका नवरीचं कॅलेंडर करून दिलं, तेच सांगते. लग्न रविवारी. मुलगी रोज राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीला दुचाकीवर जाते, हेल्मेटमुळे टाळूला घाम येतो, म्हणून एक दिवसाआड डोक्यावरून अंघोळ. शुक्रवार अंबाबाईचा, त्या दिवशी न्हायचंच हा आईचा आग्रह. हे मोडायची काहीच गरज नव्हती, न्हाण्याचे दिवस त्याला जुळवून घेतले. लग्नाच्या एकोणीस दिवस आधी, मंगळवारी संध्याकाळी रंग केला. पहिलं न्हाणं शुक्रवारी सकाळी, म्हणजे सुमारे 60 तासांनी. पुढे मंगळवार, शुक्रवार, मंगळवार. शेवटचा शुक्रवार आईशी बोलून सोडला, कारण शनिवारी हळद आणि हळदीनंतर न्हाणं चुकत नाही. अठरा दिवसांत पाच न्हाणी झाली. एक दिवसाआडच्या सवयीने नऊ झाली असती.

मधल्या दिवसांत टाळू तेलकट दिसणार, तिथे ड्राय शाम्पू. त्याच्या नावावर जाऊ नका. तो काही धूत नाही. त्यात बहुतेक वेळा तांदळाचा किंवा मक्याचा स्टार्च असतो, तो तेल शोषतो आणि विंचरताना थोडाफार निघून जातो. तेल सुटतं मुळाशी आणि रंग जास्त उतरतो लांबीत. मुळांचं काम कोरड्या पावडरीने भागलं की लांबीला पाणी लावायचं कारणच उरत नाही. म्हणून तो फक्त मुळांनाच मारायचा. टोकांना मारला तर केस राठ होतात आणि रंग धुरकट दिसतो.

ड्राय शाम्पूचा डबा रंगाच्या दिवसाआधीच आणून घरी एकदा मारून बघा. काळ्या, गडद केसांवर पांढरी झाक राहते, तेव्हा ब्राऊन छटेचा मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला तर एक चमचा आरारूट किंवा कॉर्नफ्लॉवर घ्या आणि त्यात केसांच्या छटेइतकी होईपर्यंत बिनसाखरेची कोको पावडर मिसळा. मेकअपच्या जुन्या, स्वच्छ ब्रशने ती मुळांशी टेकवायची. स्प्रे असेल तर खिडकी उघडी ठेवून मारा आणि स्वयंपाकघरात कधीच नको. त्यातला वायू पेट घेणारा असतो. मे महिन्यात डबा गाडीच्या डिकीतही ठेवू नका.

वेळ रात्रीची. सकाळी केस चिपचिपीत झाल्यावर पावडर मारली तर गोळे होतात. रात्री झोपण्याआधी मारली तर तेल सुटेल तसं शोषलं जातं. केसांचे चार-पाच भांग पाडा, वीतभर लांबून प्रत्येक भांगावर एक-दोन सेकंद स्प्रे, दोन-तीन मिनिटं थांबा, बोटांच्या पेरांनी चोळा, मग विंचरा. कामावरून आल्या आल्या घामट टाळूवर मारायचा नाही. आधी पंख्याखाली बसून टाळू पूर्ण कोरडी करा, कारण घाम आणि स्टार्च मिळून खळ तयार होते. या मुलीला शुक्रवार ते मंगळवार या टप्प्यात शनिवार आणि रविवार रात्र दिली, मंगळवार ते शुक्रवारमध्ये फक्त बुधवार रात्र. दोन न्हाण्यांमध्ये दोनदापेक्षा जास्त नको.

जास्त झालं हे कळतं कसं? भांगात नख हलकेच फिरवा. नखाखाली पांढुरकी लापशी आली, कंगव्याच्या दातांत राखाडी थर दिसला किंवा टाळू खाजायला लागली, की कॅलेंडर बाजूला ठेवून न्हा. ज्यांना मुळात कोंडा आहे, त्यांनी अंतर ताणूच नये. आणि रंगानंतर टाळूची आग, सूज, पुरळ आलं तर ती ॲलर्जी असू शकते. त्यावर पावडर नको, डॉक्टरांना दाखवा. म्हणूनच रंगाच्या 48 तास आधी कानामागे टेस्ट करून घ्यायची, हे यादीत सगळ्यांत वर लिहा.

आता तेल. शनिवारी रात्री चंपी आणि रविवारी न्हाणं ही आपल्याकडची रीत, पण या अठरा दिवसांत ती थांबवा. तेल काढायला दोनदा शाम्पू लागतो आणि तेलावर ड्राय शाम्पू बसतच नाही. शिकेकाई-रिठ्याने रंग जात नाही हाही समज सोडा. रिठा तेल चांगला काढतो आणि केस भिजतात ते भिजतातच.

बाथरूममध्ये शॉवर कॅप टांगून ठेवा, रोजच्या अंघोळीला ती लागेल. न्हाण्याच्या दिवशी पाणी कोमटच. शाम्पू तळहातावर पाण्यात पातळ करून टाळूपुरता, लांबीवरून फेस नुसता ओघळू द्यायचा, मग कंडिशनर. घरात बोअरचं जड पाणी असेल तर शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या, बोअरच्या क्षारांनी रंग मळका दिसतो. पुसायला जुना गडद पंचा ठेवा. पहिल्या न्हाण्याला पाणी गुलाबी येणारच, घाबरू नका. तिसऱ्यालाही तितकंच गडद आलं तर पाणी फार गरम असतं किंवा लांबी चोळली जात असते.

हेल्मेटखाली सुती स्कार्फ, तोही दोन ठेवा आणि रोज धुतलेलाच बांधा, नाहीतर कालचं तेल आज परत केसांत. पुढच्या बटा आधी तेलकट होतात, तर बाकीचे केस मागे बांधून तेवढ्याच बटा बेसिनवर धुवायच्या. डिकीत रेनकोटची टोपी हवीच. या मुलीला शिरोलीहून येताना वळवाने गाठलं, टोपी घरी, केस चिंब. हे भिजणं हिशेबात धरलं आणि सोमवारचा तो पाऊस मंगळवारचं न्हाणं समजलो. घरी येऊन तिने टाळूपुरता शाम्पू केला आणि दुसऱ्या दिवशी डोकं भिजवलं नाही.

हळदीला केसांची घट्ट वेणी घालून वर प्लास्टिकची टोपी आणि त्यावर टॉवेल. ब्लीच करून हायलाइट काढलेले असतील तर हे टाळूच नका, हळद त्यात पिवळी बसते. शनिवारी संध्याकाळी न्हाऊन केस पूर्ण वाळवले आणि झोपताना मुळांशी अगदी थोडी पावडर लावली. ताजे धुतलेले केस निसटतात, पावडरीने पिना धरतात. रविवारी सकाळी अंबाडा घालताना खिडकीशी बसवून पाहिलं, टोकांपर्यंत बर्गंडी दिसत होता.