मार्केटिंग ट्रेनीसाठी तीस सेकंदांत स्वतःची ओळख कशी करून द्यावी

कॅम्पस प्लेसमेंटच्या पहिल्या फेरीत बहुतेक वेळा आठ-दहा जणांना एकत्र आत बोलावतात, रांगेत बसवतात आणि 'एकेकानं थोडक्यात ओळख करून द्या' म्हणतात. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट येतं. त्या अर्ध्या मिनिटात निवड होत नाही. पुढचा प्रश्न कोणाला विचारायचा, एवढंच ठरतं. मार्केटिंग ट्रेनीच्या जागेसाठी मुलाखत घेणारा माणूस बहुधा स्वतः डीलरांच्या दुकानांत उभा राहून वर आलेला एरिया मॅनेजर असतो, आणि समोरच्याने कधी कोणाला काही विकलंय का, हे तो शोधत असतो. म्हणून ओळखीत एकच गोष्ट भक्कम हवी: तुम्ही ग्राहकाशी प्रत्यक्ष केलेला एक व्यवहार, त्याच्या आकड्यांसकट.

आपल्याकडच्या कॉलेजांत सर्वाधिक ऐकू येणारी ओळख अशी असते. एक विद्यार्थिनी धरू, तिला अश्विनी म्हणू. वसमतची, नांदेडला एम.बी.ए.ला. प्लेसमेंटला जालन्याची एक बियाणे कंपनी येणार आहे.

"गुड मॉर्निंग सर. मायसेल्फ अश्विनी. मी मूळची वसमत तालुक्यातली. दहावी-बारावी गावातच झाली, बी.कॉम. नांदेडला केलं, आता एम.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील शेती करतात, आई गृहिणी आहे. इंटर्नशिप मी कृषी सेवा केंद्रात केली, तिथे ग्राहकांशी बोलण्याचा चांगला अनुभव मिळाला. मी मेहनती आहे, टीमवर्कवर माझा विश्वास आहे. वाचन आणि प्रवास हे माझे छंद. आपली कंपनी नामांकित आहे. संधी मिळाली तर संधीचं सोनं करीन."

यात खोटं काही नाही. पण यातली दहावी-बारावी समोरच्या सीव्हीवर छापलेली आहे, आणि मेहनत, टीमवर्क, सोनं हे रांगेतले बाकीचे सातही जण म्हणणार आहेत. कामाचं वाक्य एकच, इंटर्नशिपचं, आणि नेमकं तेच 'चांगला अनुभव मिळाला' या तीन शब्दांत गुंडाळून टाकलंय.

तेव्हा पहिली पायरी: पाठ करायला बसण्याआधी तो अनुभव वहीत उलगडून लिहा. काय विकायचं होतं, कोणाला, गाडी कुठे अडत होती, तुम्ही काय वेगळं केलं आणि शेवटी किती जणांनी घेतलं. या उत्तरांचं पानभर झालं तरी चालेल, छाटणी नंतर.

अश्विनीचं पान असं भरेल. इंटर्नशिप मे-जूनची, म्हणजे पेरणीच्या तोंडावरची. दुकानात सोयाबीनच्या पिशव्या होत्या, पण बरेच शेतकरी घरचंच बियाणं पेरणार होते. यात त्यांचं चूक काही नाही. सोयाबीनची वाणं सरळ असतात, संकरित कपाशीसारखं दर हंगामाला नवं बियाणं घ्यावंच लागतं असं नाही. खरी अडचण वेगळी होती. घरचं बियाणं किती उगवेल, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. सोयाबीनचं टरफल नाजूक. मळणीत दाणा फुटतो, साठवणीत ओल लागते आणि उगवण घसरते. प्रमाणित बियाण्याला किमान सत्तर टक्के उगवण लागते. ती घरी तपासण्याची रीत गावोगाव माहीत आहे: शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवड्याभरात चांगले कोंब किती आले ते मोजायचे. माहीत सगळ्यांना, करतात थोडे. अश्विनीने दुकानमालकाला विचारून ही तपासणी दुकानातच सुरू केली. शेतकरी मूठभर दाणे आणून द्यायचा, ती गुंडाळीवर नाव लिहून ठेवायची आणि आठवड्याने निकाल सांगायची. चाळीस जणांनी दाणे आणले. चौदा जणांची उगवण सत्तरच्या खाली निघाली. त्यातल्या अकरा जणांनी त्याच दुकानातून प्रमाणित बियाणं नेलं.

(रीत कृषी विभागाची, जुनीच आहे. अश्विनीचं स्वतःचं काय, तर ती काउंटरवर आणणं. हा फरक तिच्या डोक्यात स्पष्ट हवा, कारण 'ही आयडिया तुझी का?' असं कोणीतरी विचारणारच.)

आता छाटणी. सावकाश, समजेल असं मराठी बोललं तर तीस सेकंदांत साधारण साठ शब्द बसतात. वरची पहिली ओळख मोजा, शब्द साठाच्या वर जातात आणि हाती काही लागत नाही. साठ शब्दांची वाटणी मी अशी करीन: नाव-गाव-शिक्षणाला आठ-दहा, व्यवहाराला पस्तीस-चाळीस, उरलेले या नोकरीशी सांधा जुळवायला. आई-वडील, छंद आणि स्वभावाची विशेषणं पूर्ण बाहेर. वडिलांच्या शेतीचा उल्लेख बियाणे कंपनीपुढे शोभेल असं वाटतं, पण मराठवाड्यातल्या रांगेत निम्म्यांचे वडील शेती करतात. विचारलं तर सांगा.

शेवटच्या वाक्याचं सामान प्री-प्लेसमेंट टॉकमध्ये मिळतं. कंपनीचा माणूस तिथे ट्रेनी काय करणार, किती तालुके, डीलरकडे किती आणि शेतकऱ्यांच्या बांधावर किती फिरायचं हे सांगतो. बहुतेक मुलं तेव्हा पगाराचा आकडा तेवढा टिपून घेतात. तुम्ही कामाचं एक वाक्य टिपा आणि ओळखीच्या शेवटी तेच वापरा. फिरतीची नोकरी असेल तर दुचाकी आणि परवान्याची शंका समोरच्याच्या मनात असतेच, मुलींच्या बाबतीत जरा जास्तच. ती आपणच तीन शब्दांत मिटवलेली बरी.

अश्विनीची तयार ओळख:

"नमस्कार. मी अश्विनी, वसमतची. एम.बी.ए. मार्केटिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या मे-जूनमध्ये कृषी सेवा केंद्रात इंटर्नशिप केली. बरेच शेतकरी घरचंच सोयाबीन पेरत होते, म्हणून मी दुकानातच त्यांच्या बियाण्याची उगवण तपासून द्यायला लागले. चाळीस जणांनी दाणे आणले. चौदा जणांची उगवण सत्तर टक्क्यांखाली निघाली, त्यातल्या अकरा जणांनी आमच्याकडून प्रमाणित बियाणं नेलं. तुमच्या ट्रेनीला डीलर आणि शेतकरी दोघांकडे फिरावं लागतं, ते काम मला करायचंय. दुचाकीचा परवाना आहे."

दुसऱ्या दिवशी बियाण्याऐवजी साबण-बिस्किटांची कंपनी आली तर मधला भाग तसाच राहील. फक्त शेवट बदलेल: 'तुमच्या ट्रेनीला रोज किराणा दुकानांच्या फेऱ्या असतात, काउंटरवर ग्राहक कुठे अडतो ते पाहायची मला सवय आहे.'

इंटर्नशिप नुसती कागदावर झाली असेल, आणि ती अनेकांची तशीच होते, तर दुसरीकडे शोधा. घरचं किराणा दुकान, गणेश मंडळासाठी दुकानदारांकडून मिळवलेल्या जाहिराती, गॅदरिंगमधला खाऊचा स्टॉल, चुलत्याच्या डेअरीचा हिशेब. मंडळाच्या अहवालासाठी वीस दुकानं फिरून सात जाहिराती आणल्या असतील, तर ती सरळ विक्री आहे. नाही म्हणणाऱ्या तेरा जणांनी काय कारण दिलं, हे आठवत असेल तर आणखी चांगलं.

भाषेचं आधी विचारून घ्या. 'सर, मराठीत सांगू का?' हे वाक्य वेळ सुरू होण्याआधी म्हणायचं, मध्येच इंग्रजी सोडून नाही. उत्तर 'इंग्लिश प्लीज' आलं तर मराठी वाक्यांचं मनातल्या मनात भाषांतर करायला जाऊ नका, वाक्यं लांबतात आणि क्रियापद हरवतं. इंग्रजीची ओळख वेगळी, तुटक वाक्यांची तयार ठेवा: "फोर्टी फार्मर्स ब्रॉट देअर सीड. फोर्टीन सॅम्पल्स वेअर बिलो सेव्हंटी पर्सेंट. इलेव्हन ऑफ देम बॉट फ्रॉम अस." सुरुवात 'आय ॲम अश्विनी'ने करा. 'मायसेल्फ अश्विनी' हे इंग्रजी नाही, आणि निम्मी रांग तेच म्हणते.

सराव मोबाइलच्या रेकॉर्डरवर करा, आरशासमोर नको. आरशात माणूस चेहरा बघतो, ऐकत नाही. रेकॉर्डिंगमध्ये दोन गोष्टी ऐका. तीस सेकंदांची ओळख वीस-बाविसात संपली तर वेग वाढलाय, आणि घाईत सगळ्यात आधी आकडे गिळले जातात. 'चौदा' आणि 'अकरा' यांच्या आधी किंचित थांबा. दुसरं, शेवटच्या वाक्याला आवाज खाली जातोय का. तिथेच तुम्ही नोकरी मागताय, तिथे पुटपुटून चालत नाही. सगळं शब्दन् शब्द पाठ करू नका, एक शब्द निसटला की गाडी तिथेच बंद पडते. पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य आणि तीन आकडे पाठ, मधलं आपल्या बोलीत.

मध्येच तोडलं तर? समजा 'चाळीस जणांनी दाणे आणले' इथेच कोणी विचारलं, 'म्हणजे कसं तपासायचात?' तर ओळख यशस्वी झाली. गोणपाटाचं सांगा आणि उरलेली ओळख सोडून द्या. 'सर, आधी पूर्ण करू का?' असं अजिबात नको.

खरी तयारी पुढच्या प्रश्नांची लागते, कारण आकडा सांगितला की तो उलगडून विचारतात. अश्विनीला पहिला प्रश्न हाच येईल: 'उरलेल्या सव्वीस जणांना काय विकलं?' तिचं उत्तर: "त्यांना घरचंच पेरा म्हणून सांगितलं, सर. बीजप्रक्रियेचं औषध आणि जिवाणू खत मात्र त्यातल्या काहींनी आमच्याकडूनच घेतलं." किती जणांनी, हे वहीत नसेल तर 'काहींनी'च म्हणायचं. दुसरा प्रश्न: 'चौदातले तीन का सुटले?' इथे दोघांनी दुसऱ्या दुकानातून उधारीवर घेतलं, एकाने दर एकरी बियाणं वाढवून घरचंच पेरलं, असं नेमकं सांगता आलं की समोरच्याला पटतं की ही पोरगी खरंच काउंटरवर उभी होती. तिसरा, अवघड: 'मग दुकानाची विक्री किती टक्क्यांनी वाढली?' इथे टक्केवारी रचायचा मोह होतो. मागच्या हंगामाचा हिशेब पाहिलेला नसेल तर उत्तर एवढंच: "मागच्या वर्षीचे आकडे माझ्याकडे नाहीत, सर. हे अकरा जण आधी घरचं पेरणार होते, एवढं मी वहीवरून सांगू शकते." ती वही सोबत न्यावी. मागतीलच असं नाही, पण मागितली तर सीव्हीच्या फाइलमध्ये हाताशी असावी.