कारखान्यात एआय वापराचं धोरण कसं लिहावं: तीन पानांत, कामाला येईल असं

‘कर्मचाऱ्यांनी कोणतीही गोपनीय माहिती एआय साधनांत टाकू नये.’ नेटवर मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक तयार नमुन्यात हे वाक्य असतं आणि कारखान्यात त्याचा काडीचा उपयोग होत नाही. अंबडमधल्या एखाद्या युनिटच्या क्वालिटी इंजिनिअरला विचारा, गोपनीय म्हणजे काय? तो सांगेल, पगार आणि बँकेचे तपशील. ग्राहकाचं ड्रॉइंग त्याच्या टेबलावर रोज पडलेलं असतं. ते गोपनीय आहे हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

नाशिकच्या सातपूर-अंबड पट्ट्यात मोठ्या वाहन आणि इलेक्ट्रिकल कंपन्यांना सुटे भाग पुरवणारे पुष्कळ कारखाने आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

१. सरसकट बंदी घालू नका

कंपनीच्या संगणकावर बंदी घातली की काम खिशातल्या मोबाइलवर जातं आणि तिथे तुमची नजर पोचत नाही. एक साधन निवडा, त्याचं व्यावसायिक खातं कंपनीच्या ईमेलवर घ्या, कोणाला वापरायची मुभा आहे त्यांची यादी करा. एवढं एका दिवसात होतं.

२. गोपनीय म्हणजे काय, ते कागदांच्या नावांनी लिहा

खरी मेहनत इथे आहे. मलाही सर्वाधिक झगडावं लागलं ते याच भागाशी. व्याख्या लिहीत बसू नका, शॉपमध्ये ज्या नावांनी कागद ओळखले जातात ती नावं लिहा: ग्राहकाचं ड्रॉइंग, कंट्रोल प्लॅन, पीपॅपची फाइल, कोटेशन आणि रेट, ग्राहकाची तक्रारीची मेल, पगारपत्रक, कामगारांचं आधार आणि बँक खातं. शेवटच्या दोन बाबी तर डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, 2023 च्या कक्षेत येतात. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही, तर त्यात 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

यादी झाली की लगेच पुढचा गैरसमज उभा राहतो, ‘नाव खोडलं की झालं’. तसं होत नाही. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ग्राहकाचं नाव असतंच, शिवाय पार्ट नंबर, रिव्हिजन आणि बहुतेक वेळा ‘हे ड्रॉइंग आमची मालमत्ता आहे’ अशी ओळही असते. नुसता पार्ट नंबर राहिला तरी जाणकाराला ग्राहक कळतो. फाइलच्या नावातही तोच नंबर असतो. एक्सेलमध्ये लपवलेली शीट फाइलबरोबर जाते. मोबाइलवरून फोटो काढला तर मागच्या फळ्यावरचं डिस्पॅचचं वेळापत्रकही त्यात येतं. म्हणून माझा नियम कडक आहे: ड्रॉइंगची फाइल किंवा फोटो कुठल्याही साधनात टाकायचा नाही, खोडूनसुद्धा नाही. प्रश्न शब्दांत लिहून विचारायचा.

दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो. चॅटजीपीटीच्या वैयक्तिक खात्यात `Settings` मध्ये `Data controls` खाली `Improve the model for everyone` असा पर्याय आहे. तो बंद केला की आपण सुरक्षित, असा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो बंद केल्याने तुमच्या संवादांवर मॉडेलचं प्रशिक्षण थांबतं, पण माहिती बाहेरच्या सर्व्हरवर जायची ती जातेच. ग्राहकाशी केलेल्या एनडीएमध्ये सहसा ‘त्रयस्थाला देऊ नये’ असं लिहिलेलं असतं, प्रशिक्षणाचा त्यात उल्लेखही नसतो. त्यामुळे व्यावसायिक खातं असलं तरी आधी एनडीए वाचा. शंका असेल तर ग्राहकाच्या खरेदी विभागाला मेल करून लेखी परवानगी मागा. फोनवरच्या ‘हो, चालेल’ला काही किंमत नाही.

धोरणात एक नमुना जोडाच, कारण नियमापेक्षा नमुना लवकर समजतो. समजा, एका भागातलं छिद्र लहान आल्याची तक्रार आली आणि इंग्रजीत एट-डी रिपोर्ट पाठवायचा आहे. इंजिनिअर सवयीने ग्राहकाची अख्खी मेल चिकटवतो. त्याऐवजी त्याने असं लिहावं:

> मशीन केलेल्या एका धातूच्या भागात रीम केलेल्या छिद्राचा व्यास मर्यादेपेक्षा कमी आला. कारण: रीमर झिजला होता, ठरलेल्या वेळी बदलला गेला नाही. डी-४ आणि डी-५ साठी इंग्रजी मसुदा लिही. मी न दिलेला एकही आकडा, तारीख किंवा कृती घालू नकोस. गरज असेल तिथे रिकामी जागा सोड.

यात ग्राहक नाही, पार्ट नंबर नाही, माप नाही, किती नग परत आले तेही नाही. तरी मसुदा पूर्ण उपयोगाचा मिळतो, कारण अडचण इंग्रजीची होती, मापाची नव्हती.

३. तपासणी: प्रत्येक आकड्यामागे कागद

वरच्या नमुन्यातलं शेवटचं बजावणं गाळलं तर मसुद्यात हमखास अशी वाक्यं येतात: ‘सर्व साठ्याची शंभर टक्के तपासणी केली’, ‘सीपीके 1.67 पर्यंत सुधारला’, ‘ऑपरेटरला प्रशिक्षण दिलं’. वाचायला ती इतकी नेहमीची असतात की घाईत नजरेतून सुटतात. यातलं काहीच घडलेलं नसतं. चांगल्या एट-डी रिपोर्टमध्ये अशी वाक्यं असतात, एवढ्यावरच साधनाने ती लिहिलेली असतात. पुढे ग्राहक ऑडिटला आला आणि त्याने तपासणीची नोंद मागितली की रिपोर्ट खोटा ठरतो, आणि त्यावर सही तुमची असते.

म्हणून धोरणात ‘अचूकता तपासावी’ असं मोघम लिहू नका. असं लिहा: रिपोर्टची प्रिंट काढायची, प्रत्येक आकडा, तारीख आणि ‘केलं’ असा दावा पेनने अधोरेखित करायचा आणि त्याच्या शेजारी पुराव्याचं नाव लिहायचं. छिद्राच्या मापासाठी इन्स्पेक्शन रिपोर्ट, रीमर बदलल्याच्या दाव्यासाठी टूल बदलण्याचं रजिस्टर, गेज बरोबर असल्याच्या दाव्यासाठी कॅलिब्रेशन सर्टिफिकेट. ज्याला कागद नाही ते वाक्य कापायचं. हे काम मसुदा करणाऱ्याने न करता सही करणाऱ्याने करावं, कारण मसुदा करणाऱ्याला आपलंच वाक्य खरं वाटायला लागलेलं असतं. पुरावा तपासायला दुसरं एआय साधन वापरणं तर अजिबात मान्य करू नका. त्याने तुमचं रजिस्टर पाहिलेलंच नाही.

४. कुणाला, काय सांगायचं

व्याकरण किंवा भाषांतरापुरती मदत घेतली असेल तर ग्राहकाला सांगायची सक्ती नको, वरिष्ठाला सांगितलं तरी पुरे. मात्र करारात उल्लेख सक्तीचा असेल तर तो करायचाच. मजकुराचा गाभाच साधनाकडून आला असेल, म्हणजे कारणमीमांसा किंवा कामाच्या सूचनापत्रातल्या पायऱ्या, तर कागदावर एक ओळ टाका: ‘मसुदा एआय साधनाच्या मदतीने केला आहे. मोजमापं आणि निष्कर्ष क्वालिटी विभागाने मूळ नोंदींशी पडताळले आहेत.’ दुसरं वाक्य खरं असेल तरच पहिलं पाठवायचं.

५. चूक झाली तर

चुकून ड्रॉइंग टाकलं गेलं, तर त्याच दिवशी कुणाला कळवायचं त्या माणसाचं नाव आणि मोबाइल नंबर धोरणाच्या पहिल्या पानावर छापा. स्वतःहून त्याच दिवशी सांगणाऱ्यावर पहिल्या वेळी कारवाई होणार नाही, हेही तिथेच लिहा आणि पाळा, नाहीतर कुणीच सांगणार नाही. चॅट पुसायचा, पण आधी त्याचा स्क्रीनशॉट ठेवायचा. नेमकं काय बाहेर गेलं ते ग्राहकाला सांगायची वेळ आली तर तोच लागतो. यादीतून पुसलेला चॅट सर्व्हरवरूनही लगेच गेला, असं धरून चालू नका.

६. मराठीत लिहा

तीन पानं, मराठीत. शिफ्टच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचून दाखवा, सह्या घ्या आणि रेकॉर्डमध्ये ठेवा. नवा ग्राहक जोडला गेला की त्याचा एनडीए वाचून दुसऱ्या पायरीतली कागदांची यादी त्याच आठवड्यात दुरुस्त करा.