श्रोणी ओळखायची आणि मोजायची कशी? एक पुठ्ठा, एक सुई आणि बाळाची वाट

दोन श्रोणी, म्हणजे कमरेच्या हाडांचे सांगाडे, टेबलावर शेजारी ठेवल्या की नव्याने बघणारा मोठ्या, जड दिसणाऱ्या श्रोणीकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ही बाईची, कारण हिच्यातून बाळ जातं. नर्सिंगच्या मुलींना शिकवताना दरवर्षी पहिल्या तासाला हे होतं. प्रत्यक्षात जाड, खडबडीत आणि उंच हाडांची ती पुरुषाची असते. बाईच्या श्रोणीत हाड नाजूक असतं, मोठी असते ती मधली पोकळी. म्हणून हाड बघायच्या आधी पोकळी बघायची सवय लावून घ्या.

साहित्य फार लागत नाही. श्रोणीचं प्लास्टिकचं मॉडेल, शक्यतो दोन, एक बाईचं आणि एक पुरुषाचं. एक विणायची सुई, एक फूटपट्टी, थोडा जाड पुठ्ठा आणि कात्री.

आधी नीट धरा

बहुतेक जण श्रोणी वाटीसारखी टेबलावर ठेवतात आणि तिथेच फसतात. जिवंत माणूस उभा असतो तेव्हा ती बरीच पुढे कललेली असते. पट्टा बांधतो तिथे पुढून हाताला लागणारी दोन टोकं आणि खाली मधोमध जिथे दोन हाडं जुळतात तो भाग, म्हणजे जघनसंधी, हे एकाच वेळी भिंतीला टेकवा. आता श्रोणी खरी धरली गेली. वरचं तोंड भिंतीकडे, म्हणजे पुढे, कललेलं दिसेल आणि आडव्या पातळीशी साधारण 55 ते 60 अंशांचा कोन करेल. बाळ सरळ खाली पडत नाही, आधी खाली आणि मागे जातं, मग पुढे वळतं, हे इथेच कळतं.

बाईची की पुरुषाची

तीन जागा बघा. जघनसंधीच्या खालच्या कमानीत बोटं घाला. तर्जनी आणि मधलं बोट फाकवल्यावर होतो तेवढाच अरुंद कोन असेल, तर पुरुष. अंगठा आणि तर्जनी ताणल्यावर होतो तसा रुंद, जवळपास काटकोन असेल, तर बाई. मग बाजूला वळवा आणि मागची मोठी खाच शोधा, जिथून पायाकडे जाणारी जाड नस उतरते. तिच्यात अंगठा घाला. घट्ट बसला तर पुरुष, इकडेतिकडे हलला तर बाई. शेवटी खुब्याची खोबण बघा. पुरुषात खोबणीचा व्यास आणि तिच्या पुढच्या कडेपासून जघनसंधीपर्यंतचं अंतर साधारण सारखं असतं, बाईत खोबण लहान आणि ते अंतर जास्त.

एका खुणेवर निकाल देऊ नका. 1933 मध्ये कॉल्डवेल आणि मॉलॉय यांनी बायकांच्या श्रोणीचे चार प्रकार सांगितले. त्यातला एक पुरुषी ठेवणीचा आहे आणि मिश्र आकारही भरपूर सापडतात. तिन्ही जागा एकच सांगत असतील, तरच खात्री धरा. आणि वयात न आलेल्या मुलामुलीच्या श्रोणीवर हे काहीच चालत नाही, कारण हे फरक वयात येताना पक्के होतात.

मग मोजा

सुई पोकळीत आडवी धरायची, एक टोक हाडाला टेकवायचं, दुसरं जिथे हाडाला भिडतं तिथे सुईवर नख लावायचं आणि फूटपट्टीवर वाचायचं.

पहिलं माप वरच्या तोंडाची रुंदी, डावीकडून उजवीकडे सर्वात जास्त असेल तिथे. दुसरं पुढून मागे. त्यात मागे त्रिकास्थीची, म्हणजे कण्याच्या खालच्या तिकोनी हाडाची, वरची कड पुढे आलेली असते, तिला प्रोमॉन्टरी म्हणतात. सुईचं टोक तिच्यावर आणि दुसरं जघनसंधीच्या आतल्या फुगीर भागावर, जिथे अंतर सर्वात कमी येईल तिथे. जघनसंधीच्या वरच्या कडेवर सुई टेकवली तर माप थोडं मोठं येतं आणि ते फसवं असतं, कारण बाळाचं डोकं त्या कडेवरून नाही तर फुगवट्यासमोरून जातं. तिसरं माप मध्ये. पोकळीच्या दोन्ही बाजूंना आत आलेले काट्यासारखे उंचवटे असतात, डॉक्टर त्यांना इस्कियल स्पाइन म्हणतात. त्यांच्यातलं अंतर म्हणजे सगळ्या वाटेतली सर्वात अरुंद जागा.

माझ्याकडच्या बाईच्या मॉडेलची मापं अशी आली. वर रुंदी 13.1 सेंमी, पुढून मागे 10.8. मध्ये स्पाइनमधलं अंतर 10.2, आणि त्याच पातळीवर पुढून मागे 11.8. वर रुंदी जास्त, खाली लांबी जास्त.

पुठ्ठ्याचं डोकं

आता पुठ्ठ्याचा एक लंबगोल कापा, 11.5 सेंमी लांब आणि 9.5 सेंमी रुंद. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं कपाळापासून मागच्या फुगवट्यापर्यंत साधारण 11.5 सेंमी आणि दोन्ही कानांच्या वर 9.5 सेंमी असतं. हा पुठ्ठा वरच्या तोंडाच्या पातळीला धरून लांब बाजू पुढून मागे घाला. 10.8 मध्ये 11.5 जात नाही. आडवा करा, अलगद जातो. तसाच खाली न्या, स्पाइनपाशी अडकेल, कारण तिथे बाजूंमध्ये 10.2 च आहे. आता पाव फेरा फिरवा. मोकळा! बाळाचं तोंड वरच्या दारात बहुतेक वेळा आईच्या कुशीकडे असतं आणि बाहेर येताना सहसा पाठीकडे वळलेलं असतं, त्याचं कारण तुमच्या हातात आलं. हे एकदा स्वतःच्या हाताने फिरवून बघितलं की मुली परीक्षेत विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

हाच पुठ्ठा पुरुषाच्या मॉडेलमध्ये घाला. माझ्याकडे वरची रुंदी 12.4 आणि पुढून मागे 10.4 आली. म्हणजे आडवा पुठ्ठा वरून आत गेलाच. पण स्पाइनमध्ये अंतर 8.3. तिथे कसाही फिरवा, 9.5 ची अरुंद बाजूही बसत नाही. पुरुषाच्या श्रोणीत खरी अडचण दारात नाही, मधल्या अरुंद जागेत आहे.

पुठ्ठा काय सांगत नाही

पुठ्ठा ताठ असतो, डोकं नसतं. बाळ हनुवटी छातीला टेकवतं तेव्हा समोर येणारी लांबी 11.5 वरून 9.5 पर्यंत उतरते, आणि कवटीची हाडं थोडी एकमेकांवर सरकतात. श्रोणीचंही तसंच. गरोदरपणात सांधे सैल होतात. मॉडेलमध्ये तारेने पक्कं बसवलेलं माकडहाड प्रत्यक्षात मागे सरकतं, त्यामुळे शेवटच्या दाराची लांबी दोनेक सेंटिमीटरने वाढते. उकिडवं बसल्यावरही खालची जागा वाढते.

जिवंत बाईत सुई चालत नाही. तपासणारे डॉक्टर मधल्या बोटाने प्रोमॉन्टरी चाचपतात, जघनसंधीच्या खालच्या कडेला बोटावर खूण धरतात आणि त्या तिरक्या अंतरातून दीड ते दोन सेंमी वजा करतात. 12.5 आलं तर आतलं खरं माप साडेदहा ते अकरा. बहुतेक वेळा बोट तिथवर पोहोचतच नाही, आणि ती चांगली खूण असते. ही तपासणी घरी स्वतःच करून बघायची नाही.

आणि त्या आकड्यावरून प्रसूती कशी होईल हे ठरवता येत नाही. पूर्वी यासाठी एक्स-रे काढत. त्याने सिझेरियन वाढली, बाळांचा फायदा झाल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. म्हणून आज नेमकं माप माहीत नसतानाही बहुतेक ठिकाणी कळा येऊ देतात आणि प्रत्येक तपासणीत डोकं स्पाइनच्या किती वर किंवा किती खाली आहे ते तक्त्यावर नोंदवत जातात. कळा जोरात असूनही ती नोंद तासन्‌तास तिथेच राहिली, तर वाट कमी पडतेय असं समजून पुढचा निर्णय घेतात.