ट्रॅफिकमध्ये एसी लावला की गाडी तापते? या चुका टाळा

घोडबंदर रोडवर संध्याकाळी गाडी रांगेत अडकली की रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला, त्याची गरम हवा मागे रेडिएटरवरच येते. अशा वेळी सगळी मदार पंख्यावर आणि कूलंटवर असते. काटा गर्दीत चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तेव्हा आधी पंखा बघा. उभ्या गाडीत एसीची हवाही कोमट आणि गाडी पळाली की थंड, मग तर संशय पक्काच. फ्यूज आणि रिले आधी तपासा, मोटरचं नंतर.

पण सगळ्यात जास्त लोक फसतात ते बाटलीतलं कूलंट बघून. "बाटली भरलेली आहे, म्हणजे कूलंट बरोबर आहे." ज्या गाड्यांना रेडिएटरवर वेगळं झाकण असतं, त्यांत हे खरं असेलच असं नाही.

कासारवडवलीच्या एका गिऱ्हाइकाची हॅचबॅक माझ्याकडे आली, तेव्हा आधीच्या गॅरेजने थर्मोस्टॅट काढून टाकला होता. हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. इंजिन नीट तापत नाही आणि मूळ दुखणं तसंच राहतं. एसी लावला की पंखा फिरायचा, म्हणून पंखा ठीक असं त्यांना सांगितलं होतं. मी एसी बंद करून गाडी उभ्या उभ्या चालू ठेवली. काटा चढला, मध्येच खाली आला, परत चढला, पण पंखा काही लागेना. एसीसाठी पंख्याला हुकूम वेगळा मिळतो. एरवी तो कूलंटमधल्या सेन्सरवर चालतो. सेन्सरभोवती कूलंटऐवजी हवा असेल तर त्याला खरी उष्णता कळत नाही आणि पंखा गप्प बसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना झाकण उघडलं. बाटली मॅक्सच्या रेषेपर्यंत, आणि रेडिएटर वरून रिकामा! सुमारे दीड लिटर मावलं. झाकणाचं रबर कडक झालेलं, बाटलीकडे जाणाऱ्या नळीला चीर. गरम झाल्यावर कूलंट बाटलीत जायचं, पण गार होताना ते परत न येता हवा आत ओढली जायची. झाकण आणि नळी बदलली, थर्मोस्टॅट परत बसवला. मग झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू केलं, हीटर फुल ठेवला आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहिलो. इथे घाई केली की हवा आत राहते आणि गाडी आठवड्यात परत येते. शेवटी एसी बंद ठेवून पंखा आपोआप लागतो आणि बंद होतो हे दोनदा बघितलं, मगच चावी दिली.

बोअरचं पाणी घालू नका, आत क्षार साचतात. तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीच उघडू नका. बॉनेटखाली हात घालताना पंख्यापासून लांब राहा. इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो. आणि वाटेतच काटा लाल रेषेकडे निघाला तर एसी बंद, हीटर फुल, आणि जागा मिळेल तिथे बाजूला. "माजिवडा आलंच" म्हणून रेटत गेलेल्यांच्या हेड गॅस्केट मी बदलल्या आहेत.