नोकरीत असताना मृत्यू : पीएफसोबतच्या विम्याचा दावा करताना या चुका टाळा

नोकरी करणारा माणूस गेला की दिवसकार्य आटोपून घरचे कंपनीत जातात आणि पीएफचे पैसे कधी मिळतील ते विचारतात. ऑफिसातला माणूस फॉर्म २० भरून घेतो, त्यावर सह्या होतात आणि सगळे संपले असे वाटते. पण फॉर्म २० ने फक्त पीएफची शिल्लक मिळते. पीएफ कापला जाणाऱ्या कामगाराचा ईडीएलआय या १९७६च्या योजनेखाली जीवन विमाही असतो आणि त्यासाठी फॉर्म ५ आयएफ लागतो. विधवेच्या पेन्शनसाठी आणखी वेगळा, १० डी. आता तिन्ही मिळून एकच संयुक्त फॉर्म आहे. त्यात विमा आणि पेन्शनच्या खुणा केल्या आहेत ना, हे सही करण्याआधी बघा.

या विम्याचा हप्ता मालक भरतो. कामगाराच्या पगारातून काहीच कापले जात नसल्याने पगाराच्या चिठ्ठीवर त्याचा मागमूस नसतो, म्हणून घरच्यांना तो माहीत नसतो. मृत्यू कामावरच व्हायला हवा असेही नाही. घरी, दवाखान्यात, सुट्टीत, कुठेही झाला तरी चालतो. माणूस तेव्हा नोकरीत असला पाहिजे.

रक्कम अशी काढतात. शेवटच्या १२ महिन्यांचा सरासरी पगार (मूळ पगार अधिक महागाई भत्ता, कमाल १५,००० रुपये) गुणिले ३५. त्यात त्याच १२ महिन्यांतल्या पीएफच्या सरासरी शिलकीचा निम्मा भाग मिळवायचा, पण १,७५,००० पर्यंतच. एकूण कमाल ७ लाख. वर्षभर सलग नोकरी झालेली असेल तर २.५ लाखांपेक्षा कमी मिळत नाही.

समजा चाकणच्या कारखान्यातला ३४ वर्षांचा कामगार. पगार १८,००० असला तरी हिशेबात १५,००० धरले जातात, म्हणजे ५,२५,००० झाले. पीएफची सरासरी शिलकी २,४०,०००, तिचा निम्मा १,२०,०००. एकूण ६,४५,०००. शेवटच्या दिवसाची शिलकी यात धरत नाहीत. आजारपणात पीएफमधून उचल घेतली असेल तर सरासरी खाली येते आणि विम्याची रक्कमही.

आता वारसांचा घोळ. त्याने लग्नाआधी आईचे नाव नॉमिनी म्हणून दिले होते आणि पुढे कधीच बदलले नाही. लग्न झाले की आधीचे नॉमिनेशन रद्द ठरते. मग पत्नी, लहान मुलगी आणि त्याच्यावर अवलंबून असलेली आई यांना सारखे हिस्से, म्हणजे प्रत्येकी २,१५,०००. अशा वेळी आईने एकटीचा अर्ज आणि सुनेने दुसरा अर्ज करायचा, असे झाले की फाईल अडकलीच. घरात बसून आधी एकमत करा आणि प्रत्येकीच्या स्वतःच्या बँक खात्याचा तपशील जोडा. पत्नीचे नाव ई-नॉमिनेशनमध्ये असते तर नॉमिनीचा दावा ऑनलाइनही करता आला असता.

अनेक दावे नोकरी सोडल्याच्या नोंदीत फसतात. पीएफच्या पोर्टलवर कंपनी नोकरी संपल्याची तारीख आणि कारण भरते. तिथे ‘नोकरीत असताना मृत्यू’ याऐवजी साधी नोकरी सोडल्याची नोंद झाली की विम्याचा दावा फेटाळला जातो. दावा करण्यापूर्वी एचआरकडून ही नोंद तपासून घ्या. चुकली असेल तर दुरुस्तीचे पत्र कंपनीनेच द्यायचे असते. म्हणूनच दीर्घ आजारात बिनपगारी रजा संपली म्हणून कोणी राजीनामा लिहून मागितला तर देऊ नये. माझ्या मते हा सल्ला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा, कारण राजीनाम्यानंतर आलेल्या मृत्यूला नोकरीतला मृत्यू म्हणून सिद्ध करणे फार अवघड होते. ठेकेदाराकडे असणाऱ्यांनी पीएफच्या पासबुकवर आस्थापनेचे नाव कोणाचे आहे ते पाहावे; ते ठेकेदाराचे असेल तर कागद त्याच्याकडून हवेत, कारखान्याकडून नव्हे.

काही कंपन्या ईडीएलआयमधून सूट घेऊन एलआयसीसारख्या विमा कंपनीची समूह पॉलिसी घेतात. तिथे पीएफ कार्यालयात विम्याचा अर्ज केला तर तो परत येतो, दावा कंपनीमार्फत विमा कंपनीकडे जायला हवा. ‘ईडीएलआय पीएफ कार्यालयाकडे आहे की पॉलिसीत?’ हा प्रश्न एचआरला पहिल्या भेटीतच विचारा. त्याशिवाय वेगळा ग्रुप टर्म विमा आहे का, तेही विचारा. तो असेल तर दोन्ही मिळतात. एक घेतला म्हणून दुसरा जात नाही.

कंपनी बंद पडली असेल तर फॉर्मवर राजपत्रित अधिकारी किंवा बँक मॅनेजरची सही चालते. कागद पूर्ण असतील तर पीएफ कार्यालयाने २० दिवसांत निकाल द्यायचा असतो. अर्जाची पोच घ्या आणि मुदत उलटली की पीएफच्या EPFiGMS या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक जपून ठेवा.